नमुना आणि नजरबंदी

साड्यांचा व तयार कपड्यांचा व्यापार दुकानाच्या गादीवरून उठून मोबाइलच्या काचेवर येऊन बसला, आणि त्याबरोबरच व्यापारी मंडळींत एक मत रूढ झाले, जे आता इतक्या निश्चिंतपणे बोलून दाखवले जाते की त्यावर हरकत घेणारा माणूसच भाबडा ठरावा. ते मत थोडक्यात असे : ऑनलाइन यादीतले छायाचित्र हे गिऱ्हाइकाची नजर खिळवण्यासाठी असते, मालाची माहिती त्याखालच्या मजकुरात असते, कॅमेरा आणि पडदा ही दोन्ही यंत्रे मुळातच खोटी असल्यामुळे रंगाची हुबेहूब प्रतिकृती कोणालाच देता येत नाही, सबब ‘प्रत्यक्ष रंगात किंचित फरक संभवतो’ एवढी एक ओळ खाली छापली की विक्रेत्याचे कर्तव्य संपले, आणि इतकेही करून माल पसंत पडला नाहीच, तर तो परत करण्याची सोय आहेच. या मतातील प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढण्यास निखळ असत्यापेक्षा अधिक श्रम पडतात.

परतीच्या सोयीपासूनच आरंभ करतो, कारण मुंबई-पुण्याच्या माणसाला ती जितकी सहज वाटते तितकी ती आमच्या मंडणगडाहून दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या तालुक्यात रेल्वे नाही, कोकण रेल्वे पूर्वेकडे खेडवरून परस्पर निघून जाते, आणि बाणकोट-वेळासच्या बाजूच्या वाड्यांतून तालुक्याला यायचे म्हणजे वळणावळणांचा रस्ता आणि एस.टी.चे वेळापत्रक यांचा मेळ घालावा लागतो. गणपतीसाठी मागवलेली साडी चतुर्थीच्या आदल्या दिवशी हाती पडली आणि ती चित्रातली नव्हेच असे आढळले, तर परतीचा हक्क कागदोपत्री अबाधित असूनही त्या बाईला सण त्याच साडीवर, नाही तर जुन्या साडीवर काढावा लागतो. हीच बाई दुकानात गेली असती तर तिने काय केले असते, हे ज्याने कापडाचे दुकान पाहिले आहे त्याला सांगायला नको. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नसतो. ती घडी मोडून साडी पायरीवर, उजेडात आणते. मग कापड मुठीत चुरगळून सोडून देते आणि ते कसे उलगडते ते बघते. पदर उलटा करून मागची बाजू तपासते. एका पदराखाली हात घालून तो कितपत दिसतो हे अजमावते. या चार क्रिया म्हणजे तिची खातरजमा. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याने छायाचित्र काढावयाचे पत्करले त्याने या चारही क्रिया तिच्या वतीने करावयाच्या आहेत, कारण मालापाशी तिच्या बाजूने दुसरे कोणीच हजर नसते.

‘चित्र म्हणजे जाहिरात’ या विधानाला आपल्या कायद्याने फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे १७ वे कलम नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसंबंधी आहे : माल गुणाने नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, आणि नमुन्याशी तो ताडून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे. यावर एखादा कायदेपंडित म्हणेल की नमुना म्हणजे मालाचाच तुकडा, त्याचे चित्र नव्हे. म्हणो बापडा; मग वर्णनावरून होणाऱ्या विक्रीचे १५ वे कलम तरी त्याला चुकवता येणार नाही, आणि ज्या व्यवहारात गिऱ्हाइकाने कापडाला बोटही लावलेले नाही त्यात चित्राहून अधिक विस्तृत वर्णन दुसरे कोणते असते? खालच्या मजकुरात ‘सिल्क ब्लेंड’ असे दोन मोघम शब्द घालायचे, वर मात्र शुद्ध रेशमासारखी झळाळणारी छबी ठेवायची, आणि तंटा झाला की मजकुराकडे बोट दाखवायचे, हा प्रकार वकिली मखलाशीचा आहे.

चित्र नमुन्याची जागा घेऊ शकत नाही ही शंका नवी नाही, आणि तिचा सर्वांत प्रामाणिक निकाल ज्याने लावला तो आपला हितचिंतक मुळीच नव्हता. लंडनच्या इंडिया ऑफिसातले जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडांचा एक संग्रह तयार केला : अठरा खंड, सातशे नमुने, आणि प्रत्येक पानावर कापडाचे चित्र नव्हे तर खुद्द कापडाचा कापलेला तुकडा. असे वीस संच झाले. तेरा ब्रिटनमध्ये ठेवले गेले आणि सात हिंदुस्थानात. उद्देश सरळ होता, हिंदी लोक काय नेसतात ते तिकडच्या गिरण्यांना कळावे आणि त्यांनी तसा माल काढून इकडे खपवावा. तरीही त्या संग्रहाचा कित्ता आजच्या विक्रेत्याने गिरवावा अशी त्यात एक गोष्ट आहे. तुकड्यासोबत त्या वस्त्राची पूर्ण लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि ठिकाण यांची नोंद आहे, कारण नुसत्या तुकड्यावरून वस्त्र कळत नाही हे त्या गृहस्थाने ओळखले होते. आपला धंदा बुडवायला निघालेल्या माणसाने कापडाची जेवढी खरी हकीकत दिली तेवढी आपला धंदा चालवायला निघालेली माणसे देत नाहीत, हा विनोद मला तरी कडवट वाटतो. साडीचे वजन ग्रॅममध्ये लिहिलेले आपण शेवटचे कधी पाहिले? ते लिहिले तर अंगावर ती कशी पडेल याचा अर्धा अंदाज अनुभवी बाईला चित्र न पाहताच येतो.

आता रंगाकडे वळू, कारण प्रतिपक्षाचा खरा किल्ला तिथे आहे. त्यांचा युक्तिवाद असा की रंग ही वस्तूच चंचल, मग प्रामाणिकपणाचा आग्रह कशाला? या युक्तिवादाला सर्वांत सोयीचे कापड मी त्यांच्या वतीने मुद्दाम निवडतो : येवल्याची धूपछाँव पैठणी. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिच्या नावाचे रक्षण झाले. तिच्या रंगाचे रक्षण मात्र कोणत्याही नोंदणीने होण्यासारखे नाही. धूपछाँवीत ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या रंगाचा असतो. समजा ताणा जांभळट गुलाबी आहे आणि बाणा हिरवा. रेशमाचा धागा गोल व तकतकीत असल्यामुळे त्यावर पडलेला उजेड धाग्याच्या लांबीशी काटकोनात पसरून परततो. त्यामुळे साडीच्या लांबीच्या दिशेने उजेड आला तर आडवे, म्हणजे बाण्याचे, हिरवे धागे उजळतात, आणि रुंदीच्या दिशेने आला तर ताण्याचे गुलाबी धागे वर येतात. साडीचा खरा रंग कोणता, हा प्रश्नच तेव्हा निरर्थक होतो. तिला दोन रंग आहेत आणि चालताना ते एकमेकांत मिसळत जातात, हेच तिचे खरे वर्णन.

मंडणगडातली एक बाई येवल्याहून अशा साड्या आणवून मुंबईतल्या चाकरमानी कुटुंबांना मोबाइलवरून विकते. तिच्या एका साडीची कहाणी इथे उपयोगी पडेल. पहिले चित्र तिने ओटीवर काढले. साडी सपाट पसरलेली, आणि मोबाइलभोवती ते प्रकाशाचे गोल कडे, जे हल्ली घरोघरी झाले आहे. कड्याचा उजेड भिंगाच्याच दिशेने आणि चहूकडून सारखा येत असल्यामुळे ताणा-बाणा दोन्ही एकाच वेळी उजळले, गुलाबी आणि हिरवा एकमेकांना मारून गेले, आणि चित्रात मातकट, करडे कापड उमटले. ते पाहून तिने रंग गडद करण्याची पट्टी पुढे सरकवली. ही पट्टी काही नवे निर्माण करीत नाही. जो रंग तिळभर अधिक असेल त्याला ती फुगवते, आणि त्या चित्रात तिळभर अधिक जांभळा होता. मुंबईच्या गिऱ्हाइकाने जांभळी साडी मागवली, दिवाणखान्यात उघडली ती हिरवी निघाली, आणि साडी परत आली. यात लबाडी कोणाचीच नव्हती, हे ध्यानात घ्यावे. होते ते एवढेच की चित्र कसे बनते याची चौकशी कोणी केली नव्हती, आणि जी अनास्था अज्ञानापोटी क्षम्य वाटते तीच सिद्धान्ताचे रूप घेऊन आली की तिचा प्रतिवाद करावा लागतो.

दुसऱ्या खेपेस जे केले ते असे. ओटीला जांभ्या चिऱ्यांची उघडी भिंत होती आणि अंगणात तांबडी माती. दोन्हींवरून परतलेला उजेड कापडावर तांबूस झाक टाकतो. समोर पावसाळ्यातली झाडी असली तर ती हिरवी झाक टाकते, आणि कोकणात आषाढ-श्रावणात या दोन झाकांतून सुटका नसते. मग साडी पडवीत, उजेडाच्या बाजूला, भिंतीपासून चार-पाच फूट पुढे टांगली, मागच्या चिऱ्यावर आणि खालच्या जमिनीवर पांढऱ्या चादरी टाकल्या, आणि मोबाइलभोवतीचे कडे व घरातला दिवा दोन्ही बंद केले, कारण दिवसाचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच कापडावर पडला तर कोणतीही दुरुस्ती एका बाजूला बरी आणि दुसऱ्या बाजूला वाईट ठरते. ढगाळ दिवसाचा, सकाळी दहा ते दुपारी बाराचा उजेड हा त्या कामी फुकट मिळणारा उत्तम दिवा आहे. शहरातल्या स्टुडिओत मोठाल्या पांढऱ्या पडद्यांतून तो प्रयत्नपूर्वक तयार करावा लागतो.

या खेपेच्या पहिल्या चित्रात साडीवर छायाचित्रकारांकडचे करडे पत्रक, म्हणजे ग्रे कार्ड, ठेवले. याचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. मोबाइलचा कॅमेरा रंगांचा तोल स्वतः ठरवतो, आणि समोरच्या दृश्याची सरासरी करडी असली पाहिजे अशी त्याची समजूत असते. चौकट भरून हिरवे कापड दिले की दृश्यात हिरवे फार झाले असे मानून तो उलट दिशेला गुलाबी ढकलतो. गुलाबी बाजू दिली की हिरवे ढकलतो. म्हणजे एकाच साडीची दोन चित्रे, दोन मिनिटांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या चुकांनी भरलेली निघतात. करड्या पत्रकावरून तोल एकदा पक्का केला आणि तो पुढच्या सर्व चित्रांसाठी कुलूपबंद ठेवला की ही ढकलाढकल थांबते. पत्रकाऐवजी वहीचा पांढराशुभ्र कागद ठेवू नये. त्यात पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये असतात, ती दिवसाच्या उजेडात निळी झाक फेकतात, आणि ती निळी झाक काढून टाकण्याच्या भरात कॅमेरा सगळी साडी पिवळी करून ठेवतो.

मग तीन चित्रे घेतली : एकात उजेड साडीच्या लांबीच्या दिशेने, दुसऱ्यात साडी पाव फेरा फिरवून रुंदीच्या दिशेने, आणि तिसऱ्यात साडी खांद्यावरून मोकळी सोडलेली, जिच्या निऱ्यांत दोन्ही रंग शेजारी शेजारी खेळत आहेत. सर्वांत शेवटी, मोबाइलच्या पडद्याची भडक रंगाची ठेवण बदलून ती नैसर्गिक केली, रात्रीची पिवळी छटा बंद केली, आणि त्याच पडवीत, त्याच उजेडात, पडदा आणि साडी शेजारी धरून जुळवणी केली. जिथे दोहोंत तफावत दिसली तिथे चित्र साडीकडे सरकवले. ही परीक्षा डोळ्याची आहे, प्रयोगशाळेची नव्हे. परंतु जांभळे मागवून हिरवे येण्याचा प्रकार टाळण्यास ती पुरेशी आहे. एवढ्या सगळ्याला लागलेला खर्च म्हणजे करडे पत्रक आणि एक सकाळ, हे ‘छोट्या विक्रेत्याला असली चैन कशी परवडणार’ असे विचारणाऱ्यांनी नोंदून ठेवावे.

प्रतिपक्ष इथे म्हणेल की तुमचा पडदा तुम्ही जुळवला, गिऱ्हाइकाच्या पडद्याचे काय? याला दोन उत्तरे आहेत, आणि पहिले मी त्यांच्या पदरात टाकतो. काही रंग असे आहेत की ते बहुतेक पडद्यांच्या आवाक्याबाहेरच असतात. जालावरची चित्रे ज्या ठरावीक रंगमर्यादेत बसवली जातात ती मर्यादा १९९६ च्या सुमारास त्या काळच्या साध्या पडद्यांना धरून आखली गेली, आणि गडद मोरपंखी, पिरोजा व काही जांभळे तिच्यात मावत नाहीत. मोरपंखी साडी चित्रात नेहमी थोडी निळी आणि थोडी निस्तेज दिसते ती यामुळे. अशा वेळी मजकुरात ‘प्रत्यक्ष साडी चित्राहून अधिक हिरवी व अधिक सतेज आहे’ असे स्पष्ट लिहावे. हे वाक्य आणि ‘रंगात किंचित फरक संभवतो’ हे वाक्य यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे : पहिले फरकाची दिशा सांगते, दुसरे केवळ जबाबदारी झटकते. जो फरक कोणत्या बाजूचा हे सांगता येत नाही तो फरक विक्रेत्याने मोजलेलाच नसतो.

दुसरे उत्तर असे की पडद्यापडद्यांतला फरक हा सर्व चित्रांना सारखाच लागू पडतो. त्यात विक्रेत्याने स्वतःची चूक मिसळली की दोन्हींची बेरीज होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या चित्रावरून साऱ्या जगात वाद माजला. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी, आणि प्रत्यक्षात तो निळा-काळाच होता. ‘रंग बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो’ याचा दाखला म्हणून हे प्रकरण नेहमी पुढे केले जाते. मला त्यातून नेमके उलटे दिसते. ते चित्र उजेडाने अतिरेकी भरलेले होते, पाठीमागून प्रखर प्रकाश येत होता, आणि पोशाख कोणत्या उजेडात आहे हे ठरवायला चौकटीत ओळखीचे, निश्चित रंगाचे जवळजवळ काहीच नव्हते. म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने उजेडाविषयी आपापले अनुमान केले. चित्रात एखादा मनुष्याचा हात असता, तर तो वाद इतका पेटला असता असे मला वाटत नाही. साडीच्या एका तरी चित्रात माणसाचा उघडा हात असावा, हा माझा आग्रह यासाठीच आहे; पदराखाली धरलेला हात रंगाचीही साक्ष देतो आणि पारदर्शकतेचीही.

पोताविषयी प्रतिपक्षाला फारसे काही म्हणायचे नसते, कारण पोत चित्रात दाखवावा लागतो याचीच त्यांना आठवण नसते. कापडावर उजेड अगदी तिरपा, जवळजवळ पृष्ठभागाला घासून आणला की धाग्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि वीण दिसते. मात्र हा उजेड अतिशयोक्तीही करतो, मऊ रेशीम त्यात खादीसारखे खरखरीत वाटते. तेव्हा तिरप्या उजेडाच्या चित्राशेजारी साध्या उजेडाचे चित्र असल्याशिवाय ते देऊ नये. पैठणीच्या बाबतीत एक चित्र असे आहे की जे देण्याचे विक्रेते हटकून टाळतात, आणि तेच सर्वांत बोलके असते : पदराची उलटी बाजू. हाताने विणलेल्या पारंपरिक पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे मोर आणि वेलबुट्टी मागूनही जवळजवळ तितकीच नीट दिसते. यंत्रावर काढलेल्या नक्षीत मागे लोंबते वा कापलेले धागे राहतात. यंत्रावरची साडी विकण्यात पाप नाही, ती स्वस्त असते आणि तिचेही गिऱ्हाईक आहे; पण सरळ बाजूचेच चित्र देऊन हातमागाचा भाव लावणे ही वेगळी बाब झाली.

जरीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्लास्टिकची जरी थेट उजेडात अस्सल जरीपेक्षा अधिक चमचमते, तिची चमक टोकदार आणि सुटी सुटी असते, आणि चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या जरीची झळाळी सलग व मंद असते. म्हणजे ज्या प्रखर दिव्याने चित्र ‘उठावदार’ होते त्याच दिव्याने खोटी जरी खरीला मागे टाकते, आणि अस्सल माल विकणारा मनुष्य स्पर्धेच्या भरात आपल्याच मालाचे नुकसान करून घेतो. उलट ध्रुवक भिंग लावून सगळीच चमक पुसून टाकणाऱ्या शिस्तप्रिय छायाचित्रकारांविषयीही माझी तक्रार आहे. रेशमाची चमक हा त्याचा गुण आहे, दोष नव्हे, आणि ती पुसली की रेशीम सुती दिसते.

मापाच्या बाबतीत मात्र प्रतिपक्षाची बाजू मला सर्वांत लंगडी वाटते, कारण इथे यंत्राच्या मर्यादेचा आडोसाही नाही. पुतळ्याला कुडता घालून पाठीमागे चिमटे लावायचे, म्हणजे समोरून तो अंगाला बेतल्यासारखा दिसतो. परकराखाली ताठ जाळी घालायची, म्हणजे घेर दुप्पट दिसतो. कापडाला खळ आणि कडक इस्त्री करायची, म्हणजे निऱ्या तलवारीच्या पात्यासारख्या उभ्या राहतात. यावर त्यांचे म्हणणे असे की चिमटे केवळ आधाराला आहेत, शोरूममध्येही असतात. शोरूममध्ये असतात हे खरे. परंतु तिथे गिऱ्हाईक पुतळ्याला वळसा घालून मागे जाऊ शकते. ज्याला चिमटे लावायचे आहेत त्याने खुशाल लावावेत, फक्त पाठीमागून घेतलेले एक चित्र सोबत द्यावे.

यातली अधिक सूक्ष्म फसवणूक चिमट्यांवाचूनही होते. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद दृश्य घेणारे असते. ते घेऊन पाच-सहा फुटांवर उभे राहिले आणि गुडघ्यापाशी खाली बसून चित्र काढले की पाय लांब होतात, धड आखूड होते, आणि गुडघ्याच्या खाली येणारा कुडता गुडघ्याच्या वर आल्यासारखा वाटतो. दहा-बारा फूट मागे जावे, मोबाइलचे दूरचे भिंग वापरावे आणि कॅमेरा नेसणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर धरावा, एवढ्याने हा दोष जवळजवळ जातो. शिवलेल्या नऊवारीचे उदाहरण घ्या, जी हल्ली लग्नसराईत आणि गणपतीत फार मागवली जाते. न शिवलेल्या लुगड्याला माप लागत नाही, सव्वाआठ मीटरांच्या आसपासची ती लांबी नेसणारीच्या अंगाप्रमाणे स्वतःला जुळवून घेते; शिवल्याबरोबर तिला कंबर आणि उंची येते, आणि काष्टा एका ठरावीक जागी कायमचा बसतो. पाच फूट सहा इंच उंचीच्या मॉडेलवर टाचेशी सुंदर पोचणारी नऊवारी चार फूट अकरा इंचांच्या बाईच्या पायाखाली येते, आणि काष्टा शिवलेला असल्यामुळे ती वर खोचताही येत नाही. म्हणून मॉडेलची उंची, कमरेचा घेर किती ते किती चालेल याची मर्यादा, आणि कमरेपासून खालपर्यंतची लांबी, ही तीन मापे चित्रावरच छापलेली असावीत. ‘फ्री साइज’ हा शब्द या वस्त्राच्या बाबतीत मला सरळ खोटा वाटतो. तयार कुडत्याच्या बाबतीतही असेच : ‘छाती ३८’ म्हणजे अंगाची छाती की कापडाची, हे लिहिलेले नसते, आणि या दोहोंत शिवणाऱ्याच्या पद्धतीप्रमाणे दोन ते चार इंचांचे अंतर असते. कुडता जमिनीवर सपाट पसरून, काखेखाली टेप लावलेले एक चित्र दिले की हा वाद तिथेच मिटतो.

राहता राहिला प्रश्न खपाचा. प्रामाणिक चित्र विकले जात नाही, असे सांगितले जाते, आणि एका मर्यादेपर्यंत ते खरेही असावे. पडवीतल्या मंद उजेडातली साडी आणि प्रखर दिव्याखालची साडी शेजारी ठेवली तर बोट दुसरीकडे वळते, हे मानवी स्वभावाला धरून आहे. पण मग या तर्काचा शेवट कुठे होतो तेही त्यांनी सांगावे. शेजारच्याने एक पट्टी पुढे सरकवली म्हणून आपण दोन सरकवायच्या, त्याने दोन सरकवल्या म्हणून आपण तीन. या चढाओढीत कोणाचाच खप कायमचा वाढत नाही, परतीचे गठ्ठे मात्र सर्वांचेच वाढतात, आणि त्या गठ्ठ्यांची हमाली, पुन्हा घडी, पुन्हा इस्त्री आणि मळलेल्या पदराचे नुकसान हे सारे पुढच्या साडीच्या किमतीत जाऊन बसते, म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने काहीच परत केले नाही तिच्या माथी.

आणि ही सर्व चर्चा आता निव्वळ नीतीच्या प्रांतात उरलेली नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जुलै २०२० पासून अमलात आहेत. त्यांतील ५ व्या नियमान्वये बाजारपेठ चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने विक्रेत्याकडून हमीपत्र घ्यावयाचे आहे की वर्णन, चित्रे व इतर मजकूर अचूक असून तो मालाचे स्वरूप, गुण व सामान्य लक्षणे यांच्याशी थेट जुळतो. आणि जाहिरातीत दाखवलेल्या गुणांचा माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. हमीपत्राच्या त्या नियमात चित्रांचा उल्लेख वर्णनाच्या खालोखाल स्वतंत्रपणे आलेला आहे. तेव्हा ‘चित्र ही केवळ जाहिरात, त्याला हमीचे बंधन नाही’ असे जे गृहस्थ मोठ्या बाजारपेठांवर माल ठेवून आज आत्मविश्वासाने सांगत आहेत, त्यांनी खाते उघडताना ज्या लांबलचक अटी न वाचता मान्य केल्या त्या एकदा काढून वाचाव्यात. माझ्या म्हणण्याला त्यांनी आपली संमती तिथे अगोदरच देऊन ठेवलेली आहे.